आयसीयूची दैनिक मर्यादा औषधे आणि तपासण्यांवर लावून केलेल्या कपातीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: दाव्याच्या अंतिम हिशेबात चुकीने कापलेले 1,08,000 रुपये मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

माझ्या आईच्या न्यूमोनियावरील उपचारांचा दावा आपण 2,55,000 रुपयांवर मिटवला आहे. देय नसलेल्या वस्तू वगळून रुग्णालयाचे बिल 4,23,000 रुपये होते. पॉलिसी व दावा क्रमांक सोबतच्या कागदांवर आहेत.

पॉलिसी 5 लाखांची आहे. खोलीभाड्याला विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 आणि आयसीयूला 2 टक्के, म्हणजे दिवसाला 10,000 रुपये अशी मर्यादा आहे. ती मला मान्य आहे. आयसीयूचे बिल बेड 12,000, नर्सिंग व मॉनिटर 1,500 आणि इन्टेन्सिव्हिस्ट 2,500 असे दिवसाला 16,000 झाले. रुग्णालयाने हे तीन ओळींत लावले असले तरी नियामकाच्या व्याख्येप्रमाणे तिन्ही 'आयसीयू शुल्का'तच येतात. त्यामुळे रोजचे वरचे 6,000, दहा दिवसांचे 60,000 रुपये, आमच्या खिशातून जाणार हे उघड आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. विमा रक्कम शिल्लक असली तरी दिवसाची मर्यादा ओलांडलेला पैसा परत मिळत नाही, हेही मला ठाऊक आहे.

तक्रार त्यापुढच्या कपातीची आहे. आपण 10,000 भागिले 16,000 असे 62.5 टक्के प्रमाण काढले आणि ते बाकीच्या बिलालाही लावले. तज्ज्ञांच्या भेटी व प्रोसिजर 48,000, औषधे व कन्झ्युमेबल्स 1,12,000, तपासण्या 64,000, एकूण 2,24,000. यातले फक्त 1,40,000 मंजूर झाले, 84,000 कापले गेले.

विमा नियामकाच्या जून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आयसीयू शुल्काच्या आधारे प्रमाणशीर कपात करता येत नाही. शिवाय खोलीभाडे मर्यादेबाहेर गेल्यावर ज्यावर अशी कपात होते, त्या 'संलग्न वैद्यकीय खर्चा'त औषधे, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या धरायच्याच नाहीत, म्हणजे खोलीभाडे जास्त झाले असते तरी त्यांना हात लावता आला नसता. आणि वॉर्डातले तीन दिवस 5,000 रुपयांच्या खोलीत गेले, म्हणजे खोलीभाड्याची मर्यादाही ओलांडलेली नाही. मग हे प्रमाण आले कुठून?

यामागचे कारणही साधे आहे. खोलीचा दर्जा वाढला की काही रुग्णालये डॉक्टरांची फी आणि प्रोसिजरचे दरही वाढवतात, त्यासाठी प्रमाणशीर कपात आहे. मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या व्हायलवर छापलेली किंमत बेड बघून बदलत नाही. रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, म्हणजे एबीजीचा, दर या रुग्णालयाच्या दरपत्रकात वॉर्ड आणि आयसीयूसाठी एकच आहे. दरपत्रकाची प्रत जोडली आहे. आयसीयूतला मुक्काम लांबतो तशी अँटिबायोटिक आणि एबीजीचीच बिले फुगतात. त्यावर 37.5 टक्के कात्री लावली तर रुग्ण जितका गंभीर तितका तोटा मोठा, असा हिशेब होतो.

दुसरा मुद्दा व्हेंटिलेटरचा. सहा दिवसांचे 4,000 प्रमाणे 24,000 रुपये आपण 'आयसीयू शुल्कात समाविष्ट' म्हणून पूर्ण नाकारले. व्याख्येत आयसीयूतल्या कोणत्याही रुग्णाला मिळणाऱ्या सर्वसाधारण वैद्यकीय सेवांचा उल्लेख आहे. मॉनिटर प्रत्येक बेडला असतो, व्हेंटिलेटर प्रत्येक रुग्णाला लावत नाहीत. आईला तो दहापैकी सहाच दिवस होता. आयसीयू चार्टमध्ये लावल्याची आणि काढल्याची वेळ नोंदलेली आहे, आणि बिलातही तेवढेच दिवस आहेत.

त्यामुळे योग्य कपात फक्त 60,000 आणि देय रक्कम 3,63,000 रुपये होते. मिळालेले 2,55,000 वजा जाता 1,08,000 रुपये बाकी आहेत.

आपल्या हिशेबपत्रात कारणाच्या रकान्यात केवळ 'पॉलिसी अटींनुसार' असे लिहिले आहे. दाव्याचा काही भाग नाकारताना नेमके कलम कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. तेव्हा दोन आठवड्यांत पुढील गोष्टी कराव्यात:

प्रत्येक शीर्षकाखाली मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि कपातीचे कलम दाखवणारे सुधारित हिशेबपत्र द्यावे. 1,08,000 रुपये विलंबाच्या व्याजासह खात्यात जमा करावेत. व्हेंटिलेटरबद्दल आपले मत वेगळे असेल, तर ज्या शब्दांवर ते आधारले आहे ते पॉलिसीतले शब्द जसेच्या तसे लिहून कळवावेत. 84,000 चा प्रश्न त्यासाठी अडकवून ठेवू नये, कारण त्याबाबत दोन अर्थ निघतच नाहीत.

समाधानकारक उत्तर न आल्यास ही तक्रार बिमा भरोसा पोर्टलवर नोंदवीन आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे नेईन.

सोबत: तपशीलवार अंतिम बिल, आयसीयू चार्ट, डिस्चार्ज कार्ड, रुग्णालयाचे दरपत्रक, आपले हिशेबपत्र.

आपला विश्वासू,
पॉलिसीधारक