आईच्या ठेवीवर दुसरी सही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्यांत एक तपशील वारंवार येतो : व्हिडिओ कॉलसमोर खिळवून ठेवलेल्या निवृत्त गृहस्थाने किंवा बाईंनी घाबरून मुदत ठेवी मोडल्या आणि रक्कम सांगितलेल्या खात्यात भरली. यूपीआयला सर्वसाधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. आयुष्यभराची पुंजी मात्र ठेवींत असते आणि एकाच नावावरची ठेव अनेक बँकांच्या अ‍ॅपमधून घरबसल्या मोडता येते. ज्येष्ठांच्या पैशाला कुलूप लावायचे तर ते इथे लावावे, असे मला स्वानुभवाने वाटते.

वडील गेल्यानंतर मी नेमके उलटे केले. चुकून काही होऊ नये म्हणून आईच्या खात्याला माझा मोबाइल क्रमांक जोडला. तिच्या फोनमधले यूपीआय बंद पडले आणि पेन्शन जमा झाल्याचा संदेशही मलाच येऊ लागला. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला दारात उभे करून ती मला पुण्याला फोन लावी आणि मी बैठकीत असले की शेजाऱ्यांकडून उसने घेई. चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईवर मी ही वेळ आणली होती. एकदा ती एवढेच म्हणाली, “अगं, माझ्या खात्यात किती आहेत ते तरी मला कळू दे.” ते मला अजून बोचते.

मग आम्ही दोघी साताऱ्यातील तिच्या शाखेत गेलो. तिचा क्रमांक पुन्हा खात्याला जोडला. त्याच बँकेत तिचे दुसरे बचत खाते उघडले आणि पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याच्या 5 तारखेला 12,000 रुपये आपोआप तिकडे जातील अशी स्थायी सूचना दिली. यूपीआय फक्त या दुसऱ्या खात्याला आहे. त्याचा पिन तिचा तिलाच ठाऊक आहे आणि तो मी विचारत नाही. पिन घरातल्या माणसाला सांगणे हाही बँकेच्या लेखी ग्राहकाचा निष्काळजीपणा असतो आणि पुढे फसवणूक झाली तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्याच माथी येऊ शकते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मात्र तिने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.

ठेवींच्या पावत्या नव्याने करताना आईचे नाव पहिले आणि माझे दुसरे घातले. पहिले नाव तिचे राहिल्याने ज्येष्ठांचा वाढीव व्याजदर टिकला आणि व्याजही तिच्याच खात्यात जमा होते. अर्जात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ यावर खूण करण्याची सवय असते. आम्ही ‘पहिला किंवा हयात’ निवडले. त्यामुळे मुदत संपल्यावर आई एकटीच्या सहीने पैसे घेऊ शकते, तिच्या हयातीत मी एकटी त्यांना हात लावू शकत नाही, आणि मुदतीआधी ठेव मोडायची तर बँक दोघींची सही मागते. घाबरवणाऱ्याला घाई हवी असते. दुसऱ्या सहीसाठी आईला मला फोन करावाच लागेल.

यात दोन अडचणी आहेत. दोन्ही सह्यांचा नियम प्रत्येक बँक अ‍ॅपमध्ये पाळते असे गृहीत धरू नये. ठेव झाल्यावर अ‍ॅप उघडून ती मुदतीआधी बंद करण्याचा पर्याय चालतो का, ते शाखेत बसूनच पाहावे आणि चालत असेल तर तो बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. दुसरे म्हणजे, एक ठेवीदार गेल्यावर हयात असलेल्याला मुदतीआधी पैसे हवे असतील, तर त्यासाठी दोघांनी आधीच संयुक्त संमती दिलेली असावी लागते; नाहीतर मृताच्या वारसांची संमती गोळा करावी लागते. ही संमती आम्ही ठेवीसोबतच दिली. शिवाय दुसरे नाव माझे म्हणून पैसे माझे होत नाहीत, वारसांचा हक्क कायम राहतो, हे आईने माझ्या बहिणीला समोर बसवून सांगितले.

त्या दिवशी काउंटरवरचे गृहस्थ प्रत्येक प्रश्न मला विचारत होते. आई पावत्यांची रबर लावलेली चळत हातात धरून शेजारीच बसली होती. संयुक्त संमतीबद्दल तर त्यांनी आपणहून विचारलेही नाही. माझी बँकांना कळकळीची विनंती आहे की ही संमती मुदत ठेवीच्या अर्जातच ठळक मराठीत छापावी, तिचा अर्थ समजावून सांगावा आणि तो ज्यांच्या नावाची ठेव आहे त्यांच्याकडे पाहून सांगावा.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे