विषय : तुमच्या सफाईत पुसले गेलेले अनुस्वार

व्यवस्थापक, ग्राहक विभाग,

दहा मिनिटांपूर्वी तुमच्या मदत केंद्राशी माझं पाचवं बोलणं संपलं. संपलं म्हणजे त्यांनी संपवलं. म्हणून आता लेखी.

आमच्या संस्थेच्या जुन्या सभांची टंकलिखित इतिवृत्तं मी ३०० डीपीआयवर ग्रे-स्केलमध्ये स्कॅन केली आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सफाईला लावली. ४१२ पानं. `Despeckle` तुम्हीच आधीपासून लावून ठेवलेल्या `Medium` वर. पीडीएफ दिसायला झकास, कागद पांढराशुभ्र. मग एका ठरावात ‘त्यांचा हिस्सा’ होतं तिथे ‘त्याचा हिस्सा’ वाचलं. पुढच्या पानावर जमाखर्चात १२.५० चे १२५० झाले होते.

मूळ स्कॅनवर साफ केलेलं पान ठेवून जेवढं पुसलं गेलं तेवढंच लाल रंगात काढलं. एका पानावर ६१ लाल ठिपके, त्यातले ३८ शिरोरेषेच्या वर एका पातळीत. धूळ अशी रांग धरून बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

हे चित्र मी पाठवलं. त्यावर आजचा संवाद जसाच्या तसा :

“मॅडम, तुमच्या कागदावर ठिपके फार आहेत.”

“ते अनुस्वार आहेत.”

“हो, पण आहेत ठिपकेच ना?”

“अहो, तो अक्षराचा भाग आहे.”

“मॅडम, ठिपके काढणं हेच तर फीचर आहे. म्हणजे ते नीट चालतंय. तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद करू?”

मी काही बोलायच्या आत तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. सोबत पाच तारे द्यायची विनंती. शाळेत अनुस्वार विसरला की अर्धा गुण जायचा. तुम्ही ४१२ पानांचे विसरून वर तारे मागता.

‘`Low` ठेवा’ हा सल्लाही मिळाला होता. ठेवून पाहिलं. `Low` म्हणजे किती पिक्सेल, हे तुमच्या माहितीपुस्तिकेत कुठेच नाही, म्हणून एक ते आठ पिक्सेल बाजूचे काळे चौकोन काढून तेच सफाईला लावले. `Medium` सहापर्यंतचे पुसतं, `Low` चारपर्यंतचे. आता ३०० डीपीआयवर एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम १२ पिक्सेल. माझ्या पानांवरचा अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे सहा पिक्सेल. दशांशचिन्ह त्याहून बारीक.

तरी `Low` वर अनुस्वार वाचायला हवे होते. फिकट कार्बन प्रतींवर तेही वाचले नाहीत, कारण चूक त्याआधीच झालेली असते. तुमचं थ्रेशोल्डिंग अख्ख्या पानाला काळ्या-पांढऱ्याची एकच सीमा लावतं. पिवळ्या पडलेल्या कागदाची शिवणीकडची बाजू त्यात काळवंडते आणि फिकट ठिपक्याची कड पांढऱ्यात जाते. सहाचा ठिपका चारचा होतो आणि `Low` त्याला गिळतं. प्रत्येक जागी आसपासच्या उजेडाप्रमाणे सीमा ठरवणारी सॉवोलासारखी पद्धत २००० सालापासून प्रसिद्ध आहे. अशा कागदासाठी तीच लागते.

तिरपेपणाचीही तीच गत. तुम्ही आधी पान काळं-पांढरं करता आणि मग सरळ करता. माझं पान १.२ अंशांनी तिरपं होतं. एवढ्या तिरपेपणात आडवी रेघ दर ४८ पिक्सेलना एक पायरी चढते. ग्रे-स्केलमध्ये फिरवलं तर मधल्या करड्या छटा त्या पायऱ्या बुजवतात. तुम्ही त्या छटा आधीच फेकून देता, त्यामुळे पान सरळ होऊनही शिरोरेषा दातेरी राहते. आधी सरळ करा, मग थ्रेशोल्ड, मग ठिपके, हा क्रम मी तुम्हाला शिकवावा? तुमच्या जाहिरातीत ‘अभिलेखागाराच्या दर्जाची पीडीएफ’ असं लिहिलंय!

ठिपके काढताना नुसता आकार बघू नका, शेजारही बघा. आसपास अक्षर नसलेला ठिपका खुशाल काढा. शिरोरेषेला किंवा आकड्याला लागून असलेला राहू द्या. नेमका तिथे बसलेला धुळीचा कण ओळखता येणार नाही, हे मलाही कळतं. तो राहिला तर राहिला. धूळ राहिलेली चालते, अनुस्वार गेलेला चालत नाही. हे मी फोनवर तीनदा सांगितलंय. चौथ्यांदा इथे.

आणि साफ केलेली पानं तुम्ही न विचारता मूळ फाइलवरच लिहिता. माझ्या प्रती दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचले. नसत्या तर ‘त्यांचा’ की ‘त्याचा’ हे कोणी सांगितलं असतं? तुमच्या फीचरने?

तीन वर्षं हे सॉफ्टवेअर मी चार संस्थांना सुचवलं, याची आज लाज वाटते. पंधरा दिवसांत वर्षाची वर्गणी परत करा आणि `Despeckle` पुढे पिक्सेलचा आकडा टाका. नाहीतर ते लाल ठिपक्यांचं पान त्या चारही संस्थांना पाठवीन आणि ग्राहक आयोगातही दाखल करीन. उत्तर लेखी हवं. फोन करू नका.

आपली (अजून पंधरा दिवस) ग्राहक