अकरा अटी आणि तुझ्या सहा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली नोकरीची जाहिरात मिळाली. खाली तू लिहिलंयस, "अकरापैकी सहाच अटी बसतात, सोडून देतो." मी ती दोनदा वाचली आणि मला वाटतं, तू मोजण्यातच चुकलायस.

अशी यादी कशी तयार होते ते मी पलीकडे बसून पाहिलंय. आमच्याकडे माणूस घ्यायचा होता तेव्हा साहेबांनी जुनीच जाहिरात उघडली आणि मग प्रत्येकानं आपापली एकेक ओळ त्यात घुसवली. मीही घुसवली, पायथॉनची. मुलाखतीत मात्र त्यावर एकही प्रश्न विचारला नाही आणि जिला घेतलं तिला पायथॉन येतच नव्हतं!

म्हणून 'पात्रता' नंतर वाच, आधी 'कामाचं स्वरूप' बघ. तुझ्या जाहिरातीत तिथे काय आहे? डेटाबेसमधून विक्रीचे आकडे काढायचे, दर आठवड्याला अहवाल करायचा आणि तो विक्री विभागाला समजावून सांगायचा. आता एकेक अट घे आणि स्वतःला विचार, ही नसेल तर यातलं कोणतं काम अडेल? एसक्यूएल नसेल तर पहिल्याच दिवशी अडेल, म्हणजे ती खरी अट. मशीन लर्निंगचं मात्र कामात नावही नाही. ते यादीच्या तळाशी आहे आणि पुढे 'असल्यास उत्तम' लिहिलंय. 'टॅब्लो, पॉवर बीआय किंवा तत्सम' या तू दोन अटी धरल्यास. अरे, मध्ये 'किंवा' आहे! पॉवर बीआय तू रोज वापरतोस, संपला विषय. आणि क्लाउडची त्यांना नुसती 'ओळख' हवी आहे.

'३ ते ५ वर्षं अनुभव' वाचून तू बिचकलास, कारण तुझी अडीचच झालीत. पण हा माणूस सीनियर अॅनालिस्टच्या हाताखाली काम करणार, असं तिथेच लिहिलंय. म्हणजे जागा फार वरची नाही, अडीचवर अर्ज खुशाल चालेल. हेच 'किमान ८' असतं तर मीच नको म्हटलं असतं.

सगळ्याच अटी अशा लवचिक नसतात, बरं का. कायद्यानं लागणारा परवाना किंवा रात्रपाळी असेल तर तिथे घासाघीस नाही. आणि अर्जाच्या फॉर्ममधले सक्तीचे 'हो-नाही' प्रश्न नीट बघ. तिथे 'नाही' म्हटलं की पुष्कळदा अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे त्यांना खरंच काय हवंय ते तिथे कळतं. मी लिंक उघडून पाहिली. प्रश्न दोनच आहेत. एक एसक्यूएलचा. दुसरा, आठवड्यातून चार दिवस ऑफिसला येऊ शकाल का?

हा तुझ्या अकरांत नव्हताच. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. वहिनींशी बोललास का?

तुझाच,
जुना बाकमित्र