वैलावरचं दूध

कराड, गुरुवार

चि. सुमीस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की लाइन गेली, कळलं नाही. तुझी आई म्हणते तू ठेवलास. असो. बाळ्याच्या उलट्या थांबल्या हे जावईबापूंकडून कळलं. आता तो सोलापूरच्या उन्हात खेळायला जायला लागला असेलच.

दुधाबद्दल पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण तू म्हणालीस, "आजीकडे कुठे फ्रिज होता? एकदाच तर तापवायची." ते डोक्यातून जात नाही.

सुमे, आजी एकदाच तापवायची हे खरं, पण तिचं दूध थंडच होत नव्हतं. सकाळी उतू आलं की ती पातेलं चुलीच्या वैलावर सरकवायची. खाली निखारे, वर जाळीचं झाकण. दुपारी तू शाळेतून येऊन सायीत बोट घालायचीस आणि भाजलं म्हणून ओरडायचीस, आठवतं? बोट भाजेल एवढ्या गरम दुधात आजार करणारे जंतू वाढत नाहीत. संध्याकाळी ते लालसर झालेलं असायचं. तिचं उरलेलं दूध रात्री विरजणात जायचं, पातेल्यात तसंच राहायचं नाही.

तुझं पातेलं सकाळी सातला गॅसवरून उतरतं आणि ओट्यावर राहतं. गवळ्याच्या कच्च्या दुधातले बहुतेक जंतू उकळीने मरतात, त्याबद्दल वाद नाही. पण काही जंतू बीजासारखं कवच करून बसतात. ते उकळीला दाद देत नाहीत. दूध कोमट झालं की ते कवच फोडून बाहेर येतात, आणि त्यांना खाणारं-अडवणारं कोणी उरलेलं नसतं. शिवाय पळीतून, हातातून नवे येतात ते वेगळेच. उन्हाळ्यात अर्ध्या तासाला दुप्पट धर, एकाचे दहा तासांत दहा लाख होतात. तू बाळ्याला सहाला दूध दिलंस, तेही पावडर घालून, गरम न करता. नऊला उलटी. दुधानेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही, पण दोन-तीन तासांत उलटी म्हणजे बहुधा विष आधीच तयार असतं. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही, जंतू फक्त मरतात. म्हणून संध्याकाळी "उकळून देते" हा उपाय नाही.

"फाटलं नव्हतं, वासही नव्हता" असं तू म्हणालीस. संस्थेत एकवीस वर्षं कॅनची झाकणं उघडून वास घेतला मी. कच्चं दूध प्रामाणिक असतं, बिघडलं की आंबतं आणि सांगतं. तापवलेल्या दुधातले आंबवणारे जंतू मेलेले असतात, म्हणून ते गप्प राहून बिघडतं. फार तर जरा कडू लागतं, आणि पोरं पावडरीत ते ओळखत नाहीत. त्यातून काही गवळी दूध फाटू नये म्हणून सोडा घालतात. तुझा घालतो असं नाही, पण विरजण नीट लागत नसेल तर एकदा शंका घे.

बघ, शिकवायला लागलो. तुझी आई म्हणते मी पोरीला पत्र लिहीत नाही, कॅनला शेरा मारतो. राग मानू नकोस. फ्रिज दुरुस्तीला गेला तेव्हा नोकरी, पोर, सासूबाईंची औषधं सगळं तू एकटीने ओढलंस, हे मला दिसतं. फ्रिज आल्यावरही पातेलं ओट्यावरच राहिलं ती सवय. माझ्याही अंगात अशा पुष्कळ आहेत.

एवढंच कर. उकळल्यावर पातेलं परातीत गार पाण्यात ठेव, पाणी दोनदा बदल, दूध ढवळत राहा. नुसतं ओट्यावर ठेवलं तर वरची साय आतली ऊब धरून ठेवते आणि ते दुपारपर्यंत कोमटच राहतं. पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात निवेल, मग लगेच फ्रिजमध्ये. बाळ्यासाठी लागेल तेवढंच वाटीत काढून उकळ. लाइट गेली असेल तर अर्धा लिटर सकाळी, अर्धा संध्याकाळी घे, आणि सकाळचं तीन-तीन तासांनी खळखळून तापव. कवचातून नुकतेच बाहेर आलेले त्यातच मरतात, विष करायला त्यांना वेळ मिळत नाही. उरलं तर विरजण लाव, टाकू नकोस. मीही टाकलेलं बघवत नाही.

तू लहान असताना तुलाही एकदा रात्रभर उलट्या झाल्या होत्या. मी संस्थेत होतो, आई तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली. काय खाल्लं होतंस ते आम्ही कधी शोधलं नाही. बाळ्याचं ऐकलं आणि ती रात्र समोर आली, म्हणून फोनवर आवाज चढला. चुकलं.

बाळ्याला पापा. जावईबापूंना नमस्कार.

तुझे बाबा

ता. क. रविवारी फोन करतो. दुधाचं विचारणार नाही. पातेलं कुठे आहे तेवढं आईला सांग.