लाभांश १५ लाख, नफा ५७ लाख: यात लबाडी आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंपन्यांचे वार्षिक निकाल येऊ लागले, की 'सहयोगी कंपनीच्या नफ्यातील हिस्सा' या ओळीवर हमखास शंका निघते. पैसा हातात आलाच नाही, तर नफा कसला? शंका रास्त आहे; पण त्यावरून 'नफा फुगवला' असे म्हणणे घाईचे होईल.

समजा, शिरोलीतल्या एका फाउंड्रीने गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपचे ३० टक्के शेअर ६ कोटी रुपयांना घेतले. मताधिकार २० टक्के किंवा जास्त असला, की धोरणावर लक्षणीय प्रभाव आहे असे गृहीत धरतात. तसा तो नाही, हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. प्रभाव आहे, पण ताबा नाही, म्हणून मशीन शॉप ही फाउंड्रीची सहयोगी कंपनी. ताबा असता तर ती उपकंपनी ठरली असती आणि तिची विक्री, खर्च, कर्जे फाउंड्रीच्या एकत्रित हिशेबात ओळीनेओळ मिसळली असती. सहयोगी कंपनीचे तसे नसते. नफा-तोटा पत्रकात तिची एकच ओळ येते आणि ताळेबंदात 'गुंतवणूक' ही एकच रक्कम.

पहिल्या वर्षी मशीन शॉपला करानंतर २ कोटी नफा झाला. फाउंड्रीचा हिस्सा ६० लाख. मात्र फाउंड्रीने त्यांनाच विकलेले काही कास्टिंग वर्षअखेर तिथे पडून आहे आणि त्यात फाउंड्रीचा १० लाखांचा नफा दडलेला आहे. तो माल पुढे बाहेर जात नाही तोवर त्यातला ३० टक्के नफा मिळाला असे धरता येत नाही, म्हणून ३ लाख वजा. हिस्सा उरला ५७ लाख. हे वजा करायला विसरणे ही नेहमीची चूक. एकमेकांना माल देणाऱ्या कारखान्यांत तर फारच.

त्याच वर्षी मशीन शॉपने एकूण ५० लाख लाभांश वाटला. फाउंड्रीच्या बँकेत १५ लाख जमा झाले. ते एकत्रित हिशेबात उत्पन्न नव्हे. तेवढ्याने गुंतवणूक कमी होते. नफा झाला तेव्हाच हिस्सा धरला होता, आता लाभांशही उत्पन्नात धरणे म्हणजे एकाच उसाचे काट्यावर दोनदा वजन करणे. गुंतवणूक झाली ६ कोटी ४२ लाख.

फक्त लाभांशच का धरू नये, याचे उत्तर दुसऱ्या वर्षात आहे. या वर्षी मशीन शॉपला १ कोटी तोटा झाला, तरी जुन्या शिलकीतून ५० लाख लाभांश दिलाच. लाभांशच मोजला असता तर फाउंड्रीने १५ लाख उत्पन्न दाखवले असते, तेही तोट्याच्या वर्षी! शिवाय लाभांश कधी आणि किती, यात ३० टक्केवाल्याचा शब्द चालतो. म्हणजे आपले उत्पन्न हवे त्या वर्षी ओढून आणायची सोय. हिस्सा पद्धतीत तोटा ३० लाख येतो. मागचा माल आता विकला गेला आणि नवा शिल्लक नाही, तर अडकलेले ३ लाख मोकळे होतात आणि तोटा २७ लाख दिसतो. त्यातून लाभांशाचे १५ लाख वजा केले, की गुंतवणूक पुन्हा बरोबर ६ कोटी. पडताळा सोपा आहे: दोन वर्षांचा निव्वळ नफा १ कोटी आणि वाटलेला लाभांशही १ कोटी.

तोटा होतच राहिला तर गुंतवणूक शून्यावर येईपर्यंतच तो धरतात. तिच्या देण्यांची हमी किंवा जबाबदारी घेतलेली असेल तरच त्यापुढे जातात. नंतर नफा झाला, तर आधी न धरलेला तोटा भरून निघतो आणि मगच हिस्सा पुन्हा दिसू लागतो. एखाद्या वर्षी ही ओळ अचानक गायब झाली, तर कारण बहुधा हेच.

गोंधळ वाढतो तो एकाच अहवालात दोन आकडे असल्याने. फाउंड्रीच्या स्वतंत्र हिशेबात गुंतवणूक सहसा खरेदीच्या किमतीलाच राहते आणि लाभांशाचे १५ लाख तिथे उत्पन्नच असतात. फाउंड्री स्वतःच्या भागधारकांना लाभांश देते तो याच स्वतंत्र हिशेबातल्या नफ्यातून, ५७ लाखांतून नव्हे.

म्हणून भागधारकांनी रोख प्रवाह पत्रक उघडावे. कामकाजाच्या भागात नफ्यातील हिस्सा वजा केलेला असतो आणि मिळालेला लाभांश बहुधा गुंतवणुकीच्या भागात असतो. हिस्सा मोठा आणि लाभांश वर्षानुवर्षे किरकोळ असेल, तर तो नफा सहयोगी कंपनीतच अडकून आहे असे समजावे आणि ती त्याचे काय करते, हे सभेत विचारावे. अहवालाला जोडलेल्या 'एओसी-१' नमुन्याच्या 'ब' भागात प्रत्येक सहयोगी कंपनीतला हिस्सा, तिच्यावर प्रभाव कसा आहे आणि तिचा ताळेबंद कोणत्या तारखेचा धरला, हे लिहिलेले असते.

आपला,
एक सनदी लेखापाल, राजारामपुरी, कोल्हापूर