काकूंच्या गुडघ्याचा ‘ग्रेड थ्री’

सांगली,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या दोन्ही एक्स-रेंचे फोटो मिळाले. फोनवर तुझा आवाज ऐकून काळजी वाटली, म्हणून दवाखाना बंद असताना निवांत लिहायला बसलोय. मार्चच्या रिपोर्टात डावा गुडघा ‘ग्रेड टू’ होता, आता नोव्हेंबरात ‘ग्रेड थ्री’ आलाय. आठ महिन्यांत एवढा झिजला, तर पुढच्या वर्षी आई चालेल का, हा तुझा प्रश्न. शिवाय ‘ग्रेड थ्री म्हणजे गुडघा बदलायचाच’ असं शेजारच्यांनी सांगून ठेवलंय.

आधी ही ग्रेड कुठून आली ते सांगतो. १९५७ साली इंग्लंडमध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी सांधेझिजेचे एक्स-रे वाचायची एक पद्धत मांडली, शून्य ते चार. आजही रिपोर्टात येते ती तीच. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे शंका: हाडाच्या कडेला टोक आल्यासारखं वाटतं, पण खात्री नाही. दोनमध्ये टोक नक्की दिसतं, हाडांमधली गॅप कदाचित थोडी कमी असते. तीनमध्ये गॅप नक्की कमी झालेली असते, टोकं एकाहून जास्त असतात आणि गॅपलगतचं हाड घट्ट, पांढरं दिसायला लागतं. चारमध्ये गॅप जवळजवळ संपते, टोकं मोठी होतात आणि हाडाचा आकारच बिघडतो. दोनपासून पुढे आम्ही ‘झीज आहे’ म्हणतो.

दोन आणि तीनमधला सगळा फरक त्या गॅपवर उभा आहे. आणि गॅप म्हणजे काय? एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग यांच्यात जी काळी फट दिसते, तिथे खरं तर कूर्चा आणि गादी असते. फट अरुंद झाली की कूर्चा पातळ झाली असा आपण अंदाज बांधतो. गादी जागेवरून बाहेर सरकली तरी फट कमी दिसते. म्हणजे आपण सावलीवरून वस्तू ओळखतोय, आणि सावली माणूस कसा उभा आहे यावर बदलते.

म्हणून परवा तुला काकूंना विचारायला सांगितलं, की मार्चचा फोटो कसा काढला होता. त्या म्हणाल्या, टेबलावर झोपवून, एकेका गुडघ्याचा. नोव्हेंबरचा उभ्याने काढलाय, दोन्ही गुडघे एकाच फिल्मवर, आणि कोपऱ्यात तशी खूणही आहे. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर वजनच नसतं. झिजलेल्या कूर्चेवर दाब येत नाही, हाडं लांबच राहतात आणि गॅप चांगली दिसते. उभं राहिलं की शरीराचा भार येतो आणि हाडं जवळ येतात.

तुझ्या फोटोंवर अंदाजानेच मोजलं. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला मार्चच्या फिल्मवर गॅप चारेक मिलिमीटर दिसते, नोव्हेंबरच्या फिल्मवर अडीच. बाहेरच्या बाजूला दोन्हीकडे जवळपास सारखीच. खरी झीज सहसा वर्षाकाठी मिलिमीटरच्या लहानशा अंशाने होते. आठ महिन्यांत दीड मिलिमीटर, तोही नुसत्या झिजेने, यावर माझा विश्वास बसत नाही. आतल्या कडेचं टोक पाहा, दोन्ही फिल्मवर तेवढंच आहे. माझ्या मते मार्चमध्येही गुडघा असाच होता, झोपवल्यामुळे बरा दिसला. म्हणजे काकूंचा गुडघा धावत सुटलेला नाही, हे आधी मनावर घे.

आणखी एक, दोन आणि तीनच्या सीमेवर अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. तीच फिल्म एकजण दोन म्हणेल, दुसरा तीन.

त्या टोकांबद्दल तू विचारलंस, ‘हाड वाढलंय ते घासून काढता येत नाही का?’ टोचणारा काटा समजून बरेच लोक हे विचारतात. कूर्चा बिघडली की सांध्याच्या कडेला नवी कूर्चा वाढते आणि तिचं हाड होतं, त्यालाच आपण टोक म्हणतो. ते झिजेबरोबर येतं, झिजेचं मूळ नाही. मोठं टोक गुडघा पूर्ण वाकू देत नाही हे खरं, पण ते काढल्याने कूर्चा परत येत नाही आणि दुखणंही सहसा तिथून येत नसतं.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ग्रेड थ्री डाव्याला आहे आणि काकू रडकुंडीला येतात त्या उजव्यामुळे! उजवा तर ग्रेड टू आहे. असं नेहमी होतं. चित्र आणि वेदना हातात हात घालून चालत नाहीत. त्यांचं दुखणं जिना उतरताना आणि जमिनीवरून उठताना येतं, सपाट रस्त्यावर कमी. मला वाटीच्या मागच्या सांध्याचा संशय आहे, आणि समोरून काढलेल्या फोटोत तो सांधा दिसतच नाही. तो पाहायला गुडघा वाकवून वाटीचा वेगळा फोटो काढावा लागतो. एमआरआयची मला आत्ता गरज वाटत नाही. या वयात त्यात काही ना काही सापडतंच आणि घरचे उगाच घाबरतात.

ऑपरेशनचा निर्णय ग्रेडवरून होत नाही. व्यायाम, वजन, औषध हे सगळं नीट करूनही रात्री झोप मोडत असेल, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणं होत नसेल आणि एक्स-रेतही झीज जास्त असेल, तर गुडघा बदलायचं बोलायचं. काकू रोज राजवाड्यापर्यंत जाऊन भाजी आणतात, रात्री शांत झोपतात. त्यांना आज ऑपरेशन सांगणं मला पटणार नाही. चित्रात झीज कमी असताना घाईने गुडघा बदललेले लोक नंतर जास्त नाराज असतात, हे मी पाहिलंय.

करायचं ते सांगतो. मांडीचे स्नायू बळकट व्हायला हवेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, हळू खाली आणायचा. दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. फरक पडायला महिना-दोन महिने लागतील, आठवड्यात कंटाळू देऊ नकोस. मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास तूर्त टाळू देत. वजन पाच किलोने उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास वीस किलोने हलका होतो. २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात हे चौपटीचं गणित दिसलं होतं. आणि त्या मेडिकलमधून आणून रोज घेतात त्या दुखण्याच्या गोळ्या थांबव. त्यांना बीपी आहे, या गोळ्यांनी ते वाढतं आणि किडनीवरही ताण येतो. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचं जेल लावू देत. मात्र गुडघा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला किंवा वाकलेला अडकून बसला, तर ग्रेड विसरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

शनिवारी काकूंना घेऊन ये. फिल्म मूळच्या आण, मोबाईलवरचे फोटो नकोत. वाटीचा फोटो इथेच काढू आणि मी त्यांना चालताना, जिना उतरताना पाहीन. आमच्याकडे मुक्काम करा, सुनीताने मेथीची भाजी आणि भाकरीचा बेत आधीच ठरवलाय.

तुझा,
विकास