बाबांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट

म्हापसा,
12 जुलै

प्रिय सदा,

बाबांच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. किडनी बिघडल्याच्या शेवटच्या दोन ओळींनी तू घाबरलास, पण हा रिपोर्ट वरून खाली वाचावा लागतो.

आधी आकार. उजवी किडनी 7.8 सेंटीमीटर, डावी 8.1. मोठ्या माणसाची किडनी साधारण 9 ते 12 सेंटीमीटर लांब असते, डावी किंचित मोठी. बाबा बुटके आहेत, वय 70, तेव्हा थोडी लहान असती तर चाललं असतं. पण इतकी नाही. सोनोग्राफी करताना अंगावर फिरवतात तो प्रोब तिरका धरला तर लांबी कमी भरते, म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. इथे मात्र दोन्ही बाजू सारख्याच लहान आहेत. एकच आक्रसली असती, दीड सेंटीमीटरहून जास्त फरक असता, तर त्या बाजूची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का, हे बघावं लागलं असतं.

मग कॉर्टेक्स, म्हणजे गाळणीचं काम करणारा बाहेरचा थर. तो बाबांचा 5 मिलिमीटर आहे. 7 ते 10 असायला हवा. लांबीपेक्षा मी याला जास्त महत्त्व देतो, कारण काम करणारं मांस किती उरलं, ते यातून कळतं.

‘इकोजेनिसिटी वाढलेली’ म्हणजे किडनी पडद्यावर लिव्हरपेक्षा पांढरी दिसते. यात एक फसगत असते. लिव्हरमध्ये चरबी असली की तेच पांढरं पडतं आणि शेजारची बिघडलेली किडनीसुद्धा ठीक वाटते. बाबांना फॅटी लिव्हर आहे, तरीही किडनी त्याहून पांढरी दिसली, म्हणजे बदल खराच आहे. आतला-बाहेरचा थर वेगळा ओळखू येत नाही, असंही लिहिलंय.

लहान, पातळ, पांढरी. तिन्ही मिळून सांगतात की आजार महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे. तिथे आता व्रण झालाय; तो भरून येत नाही. म्हणूनच डॉक्टर बायोप्सी सुचवणार नाहीत: रक्तस्रावाचा धोका जास्त, हाती लागणार फक्त व्रण. (मधुमेहात मात्र किडनी बिघडूनही आकार बरेचदा शाबूत राहतो, त्यामुळे नॉर्मल आकारावर निर्धास्त होऊ नये.)

पण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चार महिन्यांत 1.9 वरून 2.9 वर गेलं, ते सगळं जुन्या आजाराचं नसेल. गुडघ्यासाठी बाबा वेदनाशामक गोळ्या घेतात, गेल्या आठवड्यात जुलाबही झाले. एवढ्याने क्रिएटिनिन चढू शकतं, आणि हा भाग उतरूही शकतो. गोळ्या आजच बंद करायला सांग. रिपोर्टात लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरली, ते दिलेलं नाही. प्रोस्टेटचा त्रास आहे, तेव्हा ते मोजून घे.

गोवा मेडिकल कॉलेजात नेफ्रोलॉजीला, म्हणजे किडनीच्या विभागात जाताना जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेनुसार लावून ने, लघवीतल्या प्रथिनांची आणि रक्तातल्या पोटॅशियमची तपासणी करून घे. पोटॅशियमचा आकडा कळेपर्यंत अशक्तपणासाठी म्हणून शहाळ्याचं पाणी देऊ नकोस, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आईंनाही तेवढं सांगून ठेव.

तुझा,
विनायक